एसी चालू ठेवून गाडीत झोपण्याआधी

मुरुडला लग्नसराईत कोणत्याही मंगल कार्यालयाबाहेर रात्री दोन वाजता फेरी मारली, तर एक गोष्ट हमखास दिसते. वऱ्हाड घेऊन आलेल्या गाड्या भिंतीला पाठ लावून ओळीने उभ्या असतात. त्यातल्या दोन-चार गाड्यांची इंजिनं चालू, काचा बंद, आणि आत सीट मागे पाडून ड्रायव्हर झोपलेला. बाहेर डास आणि उकाडा, आत एसी. पहाटे नवरी घेऊन निघायचं असतं, त्यामुळे मिळेल ती झोप घ्यावी लागते. लातूर-बार्शी रस्त्यावरच्या ढाब्यांवर आणि तुळजापूरच्या वाहनतळावरही तेच दृश्य असतं. हिवाळ्यात एसीऐवजी हीटर, एवढाच फरक.

यातले बहुतेक सगळे सकाळी धडधाकट उठतात. म्हणून तर ही सवय टिकून आहे. ‘आम्ही वर्षानुवर्षं झोपतो, काही होत नाही,’ असं ड्रायव्हर मंडळी सांगतात आणि ते खोटं बोलत नाहीत. पण ज्या रात्री होतं, त्या रात्री नेमकं काय वेगळं असतं, हे समजून घेतलं पाहिजे. ते कळलं की स्वतःच्या गाडीकडे पाहून धोका ओळखता येतो.

२३ डिसेंबर २०२४ रोजी केरळमधल्या वडकरा इथे महामार्गाच्या कडेला उभ्या असलेल्या एका कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मृत सापडली. गाडी बराच वेळ तिथेच उभी आहे हे आसपासच्या लोकांच्या लक्षात आल्यावर आत पाहिलं गेलं. एक जण दाराजवळच्या पायऱ्यांपाशी होता, दुसरा आत. मारहाण नाही, आग नाही. एसी चालवण्यासाठी जनरेटर चालू ठेवला होता. पुढे कालिकतच्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांनी त्याच गाडीत तो प्रसंग पुन्हा घडवून पाहिला. जनरेटरचा धूर गाडीच्या तळाला असलेल्या एका छिद्रातून आत येत होता, आणि दोन तासांत आतल्या कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण ९५७ पीपीएमपर्यंत चढलं. पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत त्या वायूचे किती भाग.

तिथे जनरेटर होता, आपल्या गाड्यांत इंजिन असतं. बाकी गणित तेच: जळणारं इंधन, बंद जागा, झोपलेली माणसं आणि तळाला एक भोक. या भोकाकडे मला तुमचं लक्ष वेधायचं आहे, कारण एसीला दोष देऊन आपण नेहमी चुकीच्या जागी बघतो.

एसी स्वतः कार्बन मोनॉक्साइड तयार करत नाही. त्याचा गॅस बंद नळ्यांत फिरतो, तो गळला तरी अशा मृत्यूंचं ते कारण नसतं. विषारी वायू येतो इंजिनातून, पेट्रोल, डिझेल किंवा सीएनजी अर्धवट जळल्यामुळे. एसीचा संबंध दोन प्रकारे येतो. एक म्हणजे त्याच्यासाठी इंजिन तासन् तास चालू राहतं. दुसरं म्हणजे गारवा टिकावा म्हणून आपण काचा बंद करतो आणि आतलीच हवा फिरवणारं, गाडीच्या चित्रात वळलेला बाण असलेलं बटण दाबतो. मग जे काही आत शिरलं ते आतच साठत जातं.

‘काच बोटभर खाली ठेवली की झालं’ हा समजही याच गोंधळातून आला आहे. लोकांना वाटतं, बंद गाडीत प्राणवायू संपतो. गाडी काही हवाबंद डबा नसते. दारांच्या रबरांतून, डॅशबोर्डच्या मागून, मागच्या बंपरजवळच्या झडपांतून हवा ये-जा करत असते. भीती हवा संपण्याची नाही, विष येण्याची आहे. आणि गाडी भिंतीला लागून उभी असेल, वारा पडलेला असेल, तर सायलेन्सरचा धूर गाडीभोवतीच घुटमळतो. अशा वेळी बोटभर उघडी काच म्हणजे त्या धुराला आणखी एक वाट. इंजिन चालूच ठेवायचं असेल तर ‘थोडी काच खाली’ हा उपाय नाही.

आता एक ढोबळ हिशेब मांडतो, म्हणजे एखादं छोटं भोक किती महागात पडतं ते डोळ्यांसमोर येईल. बाराशे सीसीचं पेट्रोल इंजिन जागेवर चालू असताना मिनिटाला साधारण दीडशे लिटर धूर बाहेर टाकतं. गाडी जुनी आहे, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही किंवा निकामी झाला आहे, आणि धुरात तीन टक्के कार्बन मोनॉक्साइड आहे असं धरू. सायलेन्सरच्या सांध्यातून गळून या धुराचा फक्त पन्नासावा हिस्सा गाडीच्या आत येतोय. गाडीच्या आत अंदाजे तीन हजार लिटर हवा मावते आणि फटींतून ती तासाला एकदा बदलते असं मानू. तरी अर्ध्या तासात आतलं प्रमाण सातशे पीपीएमच्या पुढे जातं आणि तासाभरात अकराशेच्या आसपास पोहोचतं.

आठशे पीपीएमला पाऊण तासात डोकं गरगरतं, मळमळतं. दोन तासांत माणूस बेशुद्ध पडतो आणि त्यानंतर फार वेळ लागत नाही. सोळाशेला तासाभरात जीव जाऊ शकतो. वडकऱ्याचा ९५७ हा आकडा यात कुठे बसतो ते तुम्हीच पाहा.

आता त्याच हिशेबात चांगल्या देखभालीची, बीएस-४ पेट्रोल गाडी घ्या. पीयूसीत तिला ०.३ टक्क्यांची मर्यादा आहे. गाडी अगदी त्या मर्यादेवर असली आणि गळती तेवढीच असली, तर आतलं प्रमाण दहावा हिस्सा राहतं आणि रात्रभरात १८० च्या जवळ जाऊन थांबतं. त्याने माणूस सहसा मरत नाही, पण सकाळी डोकं जड होऊन उठतो, आणि त्याच डोक्याने स्टेअरिंग हातात घेतो. कन्व्हर्टर नीट काम करत असेल तर प्रमाण याहूनही खूप कमी असतं. म्हणून तर बहुतेक जण सुखरूप उठतात. गाडी चांगली, गळती नाही, वारा वाहता, मोकळं मैदान, यातली एखादी गोष्ट त्यांना वाचवत असते. वाईट रात्री या सगळ्या एकदम साथ सोडतात.

पीयूसीच्या कागदाबद्दल दोन शब्द. पेट्रोल किंवा सीएनजी गाडीच्या कागदावर कार्बन मोनॉक्साइडची टक्केवारी छापलेली असते, ती वाचा. डिझेल गाडीच्या कागदावर मात्र फक्त धुराच्या काळेपणाचं माप असतं. या वायूबद्दल तो कागद काहीच सांगत नाही. डिझेल इंजिन हा वायू पेट्रोलपेक्षा बराच कमी सोडतं हे खरं, पण कमी म्हणजे शून्य नव्हे. आणि कोणतीही पीयूसी नळीच्या टोकाशी मोजली जाते. मधे कुठे सांधा गळतोय का, हे ती दाखवत नाही. पीयूसी कालच काढली, म्हणून आज गाडीत निर्धास्त झोपा, असा अर्थ कुणी काढू नये.

तर मग गळती शोधायची कशी? आपल्याकडे हे बघणं जास्त गरजेचं आहे. शेतातल्या गाडीवाटा, बांध, खड्डे, उंच गतिरोधक यांवर गाडी खालून घासते. सायलेन्सरचा पाइप चेपतो, त्याचा हँगर तुटतो, सांधा ढिला होतो. सकाळी इंजिन थंड असताना, मोकळ्या जागेत गाडी चालू करा आणि बाहेर उभं राहून ऐका. पुढच्या भागातून किंवा गाडीच्या मधोमध खालून फट्‌फट् असा आवाज येत असेल आणि एक्सलरेटर दिल्यावर वाढत असेल, तर तिथून धूर सुटतोय. मेकॅनिककडे गाडी उचलली की सांध्यांभोवती काळी काजळी दिसते. तीही नसेल, तर इंजिन थंड असताना सांध्यांवर साबणाचं पाणी लावून गाडी चालू करायला सांगा. गळती असेल तिथे बुडबुडे येतात. सर्वांत वाईट गळती इंजिनाला लागून असलेल्या मॅनिफोल्डच्या गॅस्केटची. एसीत ताजी हवा घेण्याची वाट पुढच्या काचेच्या खालून, म्हणजे बॉनेटच्या मागच्या कडेजवळून असते. मॅनिफोल्ड गळत असेल तर बाहेरची हवा घेण्याचं बटण लावूनही तुम्ही इंजिनघरातला धूरच आत ओढता.

सायलेन्सर झाला की गाडीचा तळ बघा. पायपुसणी आणि खालचं कापड उचला. कारखान्यातून येताना तळाला काही छिद्रं असतात, ती रबरी बुचांनी बंद केलेली असतात. जुन्या गाड्यांत ही बुचं निघून जातात, कुठे पत्रा गंजतो. डिकीचं रबर फाटलेलं असतं, डिकी नीट बसत नाही. आणि सीएनजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर डिकीच्या तळाला नळ्यांसाठी भोकं पाडलेली असतात. ती नीट सीलबंद केली आहेत का हे किट बसवणाऱ्याला विचारणारे फार कमी. स्पीकरची किंवा ज्यादा दिव्यांची वायर ओढण्यासाठी पाडलेलं भोकही त्यातलंच. सायलेन्सरचं तोंड डिकीच्या बरोबर खाली असतं हे ध्यानात घ्या. वडकऱ्याला असंच एक छिद्र पुरलं. गॅरेजवाल्या मंडळींनाही माझी विनंती आहे: गाडी रॅम्पवर चढलीच आहे, तर मागितलं नसलं तरी हे सांधे आणि ही भोकं एकदा बघून ग्राहकाला सांगा.

सामान मावत नाही म्हणून डिकीचं दार दोरीने अर्धवट बांधून इंजिन चालू ठेवणं तर कधीच नको. मागून उघड्या गाडीत धूर सरळ आत येतो, गाडी चालत असली तरीही.

पावसाळ्यातला एक प्रकार आपल्याकडच्या काळ्या मातीचा आहे. गाडी मागे घेताना पाइपाचं तोंड चिखलात किंवा बांधात रुततं. परदेशात बर्फाने हेच होतं. जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या पॅसेक शहरात एक बाप गाडीभोवतीचा बर्फ फावड्याने काढत होता आणि त्याचं कुटुंब ऊब मिळावी म्हणून गाडी चालू करून आत बसलं होतं. पाइपाचं तोंड बर्फाने बंद होतं. आई आणि वर्षाचं मूल गेलं. बाप काही पावलांवरच होता. तोंड बुजलं की धूर मागच्या सांध्यांमधून वाट काढतो. चिखलात फसलेल्या गाडीत लेकरांना पावसापासून वाचवायला बसवायचं असेल तर बसवा, पण इंजिन बंद ठेवून.

या वायूला वास नसतो, रंग नसतो. धुराला वास असतो, पण नव्या गाड्यांच्या धुराला तोही फारसा येत नाही, आणि नाक काही मिनिटांत सरावतं. जागा माणूस निदान डोकं ठणकायला लागलं की दार उघडतो. झोपलेल्याला डोकेदुखीने जाग येत नाही. हा वायू झोप आणखी गाढ करतो. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा त्याला दोनशेपट अधिक ओढीने धरून ठेवतं. त्यामुळे श्वास चालू असतो, छाती हलत असते, पण मेंदूपर्यंत प्राणवायू पोचत नाही. घोट-दोन घोट दारू घेतली असेल तर जाग येण्याची उरलीसुरली शक्यताही जाते.

म्हणून नियम एकच आणि साधा: झोपायचं असेल तर इंजिन बंद. गार होण्यासाठी एसी चालवायचा असेल तर जागेपणी, मोकळ्या जागेत, पंधरा-वीस मिनिटं चालवा, मग किल्ली फिरवून बंद करा आणि काचा खाली करा. डासांसाठी दारावरून चढवायची जाळी मिळते; ती नसेल तर साध्या मच्छरदाणीचे तुकडे चुंबकाने लावता येतात. बारा व्होल्टवर किंवा पॉवर बँकेवर चालणारा छोटा पंखा रात्रभर पुरतो. मराठवाड्यात मध्यरात्रीनंतर बाहेरची हवा बहुतेक वेळा उतरलेली असते, उघड्या काचांनी झोप लागते. भर दुपारी मात्र इंजिन बंद करून बंद गाडीत झोपणं हा दुसरा धोका आहे, उष्णतेचा. तेव्हा गाडीत झोपूच नका, ढाब्याची बाज किंवा झाडाची सावली बघा. शटर ओढलेल्या गाळ्यात, गॅरेजमध्ये किंवा पत्र्याच्या शेडमध्ये तर गाडी चालू ठेवून नुसतं बसायचंही नाही. तिथे आख्खी खोलीच भरत जाते.

घरासाठी मिळणारा, बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म रोज गाडीत रात्र काढणाऱ्याने घ्यायला हरकत नाही. स्वयंपाकघरातला गॅसगळतीचा अलार्म वेगळा असतो, तो इथे चालत नाही. चांगला अलार्म पन्नास पीपीएमला तास-दीड तासाने आणि तीनशेला तीन मिनिटांच्या आत वाजतो. उन्हात तापलेल्या डॅशबोर्डवर तो ठेवू नका, त्याचा सेन्सर खराब होतो. आणि तो आहे म्हणून इंजिन चालू ठेवून झोपायचं, असा सौदा करू नका.

हे सगळं ड्रायव्हरला सांगून भागत नाही. ज्यांनी गाडी ठरवली, त्यांनाही सांगायला हवं. दोनशे पानांचं जेवण आपण घालतो, मंडपाला झुंबरं लावतो, आणि तीनशे किलोमीटर गाडी हाकून आलेल्या माणसाला पाठ टेकायला एक गादी देत नाही. मग तो एसी लावून गाडीत झोपला, तर ती त्याची हौस नसते. तमिळनाडू सरकारने २०२३ मध्ये इमारतींच्या नियमांतच बदल करून हॉटेलं आणि लॉजना पाहुण्यांच्या ड्रायव्हरांसाठी झोपण्याची सोय करणं बंधनकारक केलं. आपल्या कार्यालयांच्या मालकांनी एक पंखा असलेली खोली, चार गाद्या आणि एक संडास एवढं ड्रायव्हरांसाठी राखलं, तर नियमाची वाट बघावी लागणार नाही. कार्यालय बुक करताना वधू-वरांच्या घरच्यांनी हे विचारावं, जसं पाण्याचं आणि जनरेटरचं विचारतात तसं.

आता समजा, पहाटे तुम्ही हाक मारायला गेलात आणि गाडी चालू, माणूस उठत नाही. पहिल्यांदा मनात येतं, ‘रात्री घेतलेली दिसतेय, झोपू दे.’ हा विचार जीव घेतो. दार उघडा; आतून बंद असेल तर झोपलेल्यापासून दूरच्या बाजूची काच कोपऱ्यावर मारून फोडा. इंजिन बंद करा, सगळी दारं उघडा, आत बसून हलवत राहू नका. त्याला ओढून मोकळ्या हवेत काही अंतर दूर न्या आणि कुणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा. श्वास नसेल तर छातीवर दाब द्यायला सुरुवात करा. तोंडात पाणी, चहा, लिंबू काहीही घालू नका. गाडीत दोघं-तिघं असतील आणि सगळ्यांचंच डोकं दुखतंय, उलट्या होतायत, तर लग्नातल्या जेवणावर संशय घेण्याआधी गाडी चालू होती का हे विचारा.

घराघरात असलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. तो या वायूने भरलेलं हिमोग्लोबिन आणि प्राणवायूने भरलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक ओळखत नाही. आकडा ९८ दिसेल आणि माणूस मरणाच्या दारात असेल. आकडा चांगला आहे म्हणून घरी नेऊ नका. मुरुडच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जे जवळ असेल तिथे न्या, आणि डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा: ‘गाडी चालू ठेवून, काचा बंद करून झोपला होता.’ हे वाक्य सांगितलं नाही तर दारू, झटका, विषबाधा अशा वाटांनी तपास जाऊ शकतो. उपचार म्हणजे मास्कने भरपूर ऑक्सिजन, तोही लगेच. साध्या हवेत हा वायू रक्तात निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. बेशुद्ध झालेला, छातीत दुखणारा, किंवा गरोदर बाई असेल तर लातूरच्या किंवा नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात हलवावं लागतं. वाटेतही ऑक्सिजन सुटता कामा नये. गरोदर बाईला स्वतःला बरं वाटत असलं तरी पोटातल्या बाळाच्या रक्तात हा वायू जास्त साठतो आणि उशिरा उतरतो, म्हणून तिला कधीही परत पाठवू नका.

बरा होऊन घरी आला तरी पुढचे सहा आठवडे घरच्यांनी लक्ष ठेवायचं. काहींना दोन-चार दिवसांनी, काहींना तर महिन्याभरानेही विसराळूपणा, चिडचिड, चालताना तोल जाणं, हात थरथरणं सुरू होतं. आजारपणाचा थकवा म्हणून ते सोडून देतात. तसं काही दिसलं तर पुन्हा डॉक्टरांकडे जा आणि त्या रात्रीचं सांगा. तोवर त्याच्या हाती स्टेअरिंग देऊ नका, आणि ती गाडी तळापासून तपासून घेतल्याशिवाय दुसऱ्या कुणालाही देऊ नका.